बेरीज, सरासरी की जीसीएन? पुणे मेट्रोच्या नकाशावर मेसेज पासिंग

ग्राफ न्यूरल नेटवर्कचा लेयर निवडताना खरा प्रश्न एकच असतो: शेजाऱ्यांकडून आलेले मेसेज एकत्र कसे करायचे? उदाहरणादाखल पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट आणि वनाझ ते रामवाडी या दोनच मार्गिका घेऊ. स्थानक म्हणजे नोड, लगतच्या दोन स्थानकांमधला रूळ म्हणजे एज. प्रत्येक नोडला टोकाचं, मधलं किंवा अदलाबदलीचं, यांपैकी एक लेबल द्यायचं आहे.

सुरुवातीला प्रत्येक नोडचं फीचर १ ठेवू. पहिल्या फेरीत प्रत्येक स्थानक स्वतःचा आणि लगतच्या स्थानकांचा आकडा गोळा करतं. जीसीएनमध्ये प्रत्येक मेसेजला दोन्ही नोडांच्या डिग्रींच्या गुणाकाराच्या वर्गमूळाने भागतात. डिग्री मोजताना नोड स्वतःलाही धरतो.

| स्थानक | बेरीज | सरासरी | जीसीएन |
|---|---|---|---|
| जिल्हा न्यायालय | ५ | १ | १.२३ |
| कसबा पेठ | ३ | १ | ०.९२ |
| मंडई | ३ | १ | १.०७ |
| स्वारगेट | २ | १ | ०.९१ |

सरासरीला इथे काहीच दिसत नाही. कितीही ट्रेनिंग दिलं तरी सगळ्या नोडांचं उत्तर एकच येणार. धोका असा की बहुतेक स्थानकं मधलीच असल्यामुळे ॲक्युरसी तरीही चांगली दिसते. म्हणून प्रत्येक वर्गाचा रिकॉल वेगळा पाहावा. दोन वर्गांचा शून्य आला की दुखणं कळतं.

जीसीएनचा कौल जास्त फसवा आहे. कसबा पेठ मधलं आणि स्वारगेट टोकाचं, तरी दोघांत फरक ०.०२ हूनही कमी. जिल्हा न्यायालयाची डिग्री ५ असल्याने त्याच्याकडून कसबा पेठेला येणारा मेसेज भागाकारात बारीक होतो. या कामाला बेरीजच हवी, म्हणजे `GINConv`.

आता प्रश्न बदला. फीचर म्हणजे सकाळी उतरणाऱ्यांचं प्रमाण, आणि लेबल कार्यालयी की निवासी परिसर. समजा स्वारगेट आणि मंडई दोन्हीकडे ०.६ आहे: बेरीज १.२. दुसरीकडे एक मधलं निवासी स्थानक, स्वतः आणि दोन्ही शेजारी ०.४: बेरीज तीही १.२! सरासरी मात्र ०.६ आणि ०.४ असा स्वच्छ फरक दाखवते. अशा वेळी `SAGEConv` घ्यावा. तो नोडचं स्वतःचं फीचर वेगळ्या वेटने धरून ठेवतो, हा आणखी एक फायदा.

कोणताही लेयर घेतला तरी पायटॉर्च जिओमेट्रिकमध्ये प्रत्येक एज दोन्ही दिशांनी भरलेली हवी. मंडईकडे जाणारी एकच दिशा भरली, तर स्वारगेटला मेसेजच पोहोचत नाही आणि एररही येत नाही.

```python
assert data.is_undirected()
```

शेजाऱ्यांची संख्या आणि त्यांचा स्वभाव दोन्ही महत्त्वाचे असतील, तर आम्ही सरासरीच निवडू आणि डिग्री हे वेगळं फीचर म्हणून जोडू. बेरजेत हे दोन्ही एकाच आकड्यात मिसळतात आणि डिग्री फार वाढली की ते आकडे आवरायला नॉर्मलायझेशनही लागतं.