एकाआड एक रात्र, की रात्रच अर्धी-अर्धी?

अगं, बोलायला बसलो की बाळ उठतं म्हणून लिहितोय. एकाआड एक रात्र वाटून घेणं ऐकायला सरळ वाटतं, पण माझ्या रात्री तू झोपलीस तरी मंगळवारसारखी छाती दगड होऊन, गाऊन भिजून पहाटे उठणारच, आणि असं वारंवार झालं तर दूधही कमी व्हायला लागतं.

त्यापेक्षा रात्रच तोडू. नऊला पाजून तू आतल्या खोलीत झोप, दोनपर्यंत मी, बाराला फ्रिजमधलं काढलेलं दूध वाटीसकट कोमट पाण्यात ठेवून चमच्याने देईन, ढेकर, लंगोट सगळं माझं. दोननंतर तू. सलग पाच तास तुला मिळायलाच हवेत गं. सातला उठून छप्पन दुकानवरून पोहे मी आणतो. आई इंदूरला येईपर्यंत तीन आठवडे असंच करू?