नुसती तार की चिलखती केबल?

इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामध्ये ऑगस्ट 1850 मध्ये समुद्राच्या तळावरून टाकलेली तारयंत्राची केबल म्हणजे गट्टापर्चा या झाडाच्या चिकाचे वेष्टण असलेली एकच तांब्याची तार होती. ती इतकी हलकी होती, की तळाशी बसावी म्हणून तिला ठरावीक अंतरावर शिशाची वजने अडकवावी लागली. काही अस्पष्ट संदेश जाताच ती तुटली. दोष एका मच्छीमारावर ढकलला गेला, पण खडकाळ किनाऱ्यावर ती एरवीही टिकली नसती.

त्याच दोन देशांमध्ये टाकलेल्या 1851 च्या केबलमध्ये गट्टापर्चाने मढवलेल्या चार तारांवर डांबरी ताग आणि त्यावर दहा जस्तलेपित लोखंडी तारांचा पीळ होता. अशी जड केबल उतरवताना वारा आणि प्रवाहामुळे जहाज भरकटले आणि किनाऱ्याजवळ ती अपुरी पडली. तरीही जोड देऊन पूर्ण केलेली ही केबल अनेक वर्षे चालली.