फ्रंट लोड वॉशिंग मशीन, नऊ महिन्यांनंतर : महिन्याला खरोखर किती खर्च येतो?

गेल्या नोव्हेंबरात आम्ही ७ किलोचं फ्रंट लोड मशीन घेतलं. घरात पाच माणसं, त्यात दोन शाळकरी मुलं, म्हणजे धुणं जवळपास रोजचंच. कपडे स्वच्छ निघतात, आवाज फार नाही, दाराच्या रबरात पाणी साठतं ते रोज पुसावं लागतं. मशीनबद्दल एवढंच. मला लिहायचंय ते खर्चाबद्दल, कारण घेताना दुकानात कुणालाच "महिन्याला किती पडेल?" याचं सरळ उत्तर देता आलं नव्हतं. स्टार लेबलवर वीज आणि पाण्याचे आकडे असतात, पण ते दर किलो दर धुण्यामागे आणि ठरलेल्या चाचणीतले असतात. आपल्या घरी मशीन कधी अर्धं भरलेलं असतं, कधी सेटिंग वेगळं असतं, आणि पाणी कुठून येतं ते तर लेबलला माहीतच नसतं. म्हणून मी स्वतः मोजायला घेतलं.

आधी वीज. मशीनच्या प्लगमध्ये बसणारा छोटा पॉवर मीटर आणला. तो १६ अँपिअरचाच घ्या. आमच्या मशीनचा हीटर २००० वॉटचा आहे, म्हणजे तो चालू असताना नऊ अँपिअरच्या आसपास करंट ओढतो. सहा किंवा दहा अँपिअरचा स्वस्त स्मार्ट प्लग लावला तर तो गरम होऊन वितळू शकतो. पण या छोट्या मीटरवर विश्वास ठेवायचा की नाही, म्हणून एका रविवारी मी तो घराच्या मीटरशी ताडून पाहिला. आमच्या मीटरवर 3200 imp/kWh असं छापलंय. याचा अर्थ एक युनिट वीज गेली की मीटरवरचा लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकतो. फ्रिजसकट घरातलं सगळं बंद केलं, मशीन कॉटन ४० अंशांवर लावलं आणि खाली पार्किंगमध्ये मीटरच्या पेटीसमोर मोबाइल घेऊन उभी राहिले.

सुरुवातीला दिवा सात-आठ सेकंदांतून एकदा लुकलुकत होता. ड्रम नुसता इकडून तिकडे फिरत होता, तेव्हाची ही गती. मग अचानक तो थरथरल्यासारखा वेगानं लुकलुकू लागला. व्हिडिओ मागे नेऊन मोजलं तर मिनिटाला एकशे दहाच्या वर. हीटर लागला होता. साधारण नऊ मिनिटांनी पुन्हा पहिल्यासारखं शांत. त्या नऊ मिनिटांत जेवढी वीज गेली, तेवढी उरलेल्या दीड-पावणेदोन तासांतही गेली नाही. पॉवर मीटर आणि लाल दिवा, दोघांचं उत्तर जुळलं : अर्ध्या युनिटाच्या अगदी जवळ.

आता याच कपड्यांच्या वजनाला, म्हणजे साधारण पाच किलोला, वेगवेगळ्या सेटिंगवर आलेले आकडे सांगते. थंड पाण्यात ०.२ युनिट. ४० अंशांवर ०.५ युनिट. ६० अंशांवर ०.९ युनिट. मोटर, पंप आणि शेवटचं जोरात पिळणं, सगळं मिळून ०.२. बाकी सगळी वीज पाणी तापवायला जाते. हे कागदावरही पडताळता येतं. मुख्य धुण्याला मशीन साधारण १५ लिटर पाणी घेतं. १५ लिटर पाणी २५ वरून ४० अंशांवर न्यायला पाव युनिटाहून किंचित जास्त वीज लागते, आणि कपडे नि स्टीलचा ड्रम तापवायला थोडी वर. बेरीज ०.३ पर्यंत जाते, मीटरही तेच सांगतो. म्हणूनच ऋतूप्रमाणे हा आकडा हलतो. जानेवारीत टाकीतलं पाणी गार असताना ४० अंशांचं धुणं ०.६ पर्यंत गेलं होतं. मे महिन्यात गच्चीवरची टाकी उन्हानं आधीच तापलेली, तेव्हा तेच ०.३५ ला आलं.

इथे मला पहिला धक्का बसला. आमचं मशीन चालू केलं की कॉटनला आपोआप ४० अंश धरतं. पहिले दोन महिने आम्ही सगळे नुसतं चक्र फिरवून स्टार्ट दाबत होतो आणि रोजचे शाळेचे शर्टसुद्धा गरम पाण्यात धूत होतो. सासूबाईंनी मात्र सुरुवातीलाच विचारलं होतं, "अगं, काच गरम का लागते?" मी तेव्हा लक्ष दिलं नाही. दारावर हात ठेवून कळतं, इतकं सोपं होतं.

युनिटाला रुपये कोणते लावायचे, इथे बहुतेकांची चूक होते. एकूण बिलाला एकूण युनिटांनी भागलं तर उत्तर कमी येतं. आमचा महिन्याचा वापर २२० ते २४० युनिट असतो. मशीन नसतं तरी पंखे, फ्रिज, दिवे चाललेच असते, म्हणजे मशीनची युनिटं ही वरच्या टप्प्यातली युनिटं. महावितरणच्या २०२४-२५ च्या घरगुती दरात १०१ ते ३०० युनिटांच्या टप्प्याला वीज आकार १०.२९ रुपये होता, त्यावर वहन आकार १.१७, म्हणजे ११.४६. त्यावर १६ टक्के वीज शुल्क. हे झाले १३ रुपये ३० पैसे. स्थिर आकार धरायचा नाही, कारण तो मशीन असो-नसो द्यावाच लागतो. दर बदलत राहतात, तेव्हा तुमच्या ताज्या बिलाच्या मागचा तक्ता पाहून हेच गणित करा. मे महिन्यात एसीमुळे आमचं बिल ३०० च्या पुढे गेलं, तेव्हा तेच युनिट अठरा रुपयांच्या वर पडलं.

म्हणजे थंड धुणं पावणेतीन रुपयांच्या आत, ४० अंशांचं पावणेसात, ६० अंशांचं बारा रुपये.

आता पाणी. हा भाग मी पहिल्यांदा साफ चुकवला. ड्रेन पाइप भिंतीवरच्या हुकातून काढून जमिनीवर ठेवलेल्या बादलीत सोडला आणि बादल्या मोजायला बसले. सात बादल्या झाल्या तरी थांबेना, १४० लिटर! मशीन बिघडलंय असं वाटून तक्रार नोंदवायला फोनही हातात घेतला होता. मग लक्षात आलं की पंपाचा घुर्र आवाज नसतानाही पाइपातून संथ धार चालू आहे. पाइपाचं तोंड ड्रमच्या पातळीखाली गेलं की पाणी आपोआप ओढलं जाऊन वाहत राहतं. आत पातळी भरेना, म्हणून मशीन वरून पुन्हा पुन्हा पाणी घेतं. ज्यांच्याकडे ड्रेन पाइप बाथरूमच्या जमिनीवर नुसता टाकून ठेवलेला आहे, त्यांनी हे आजच पाहावं. मशीन कपडे घोळत असताना, पंप बंद असताना पाइपातून पाणी येत असेल, तर ते पैसे रोज मोरीत जातायत, आणि साबणही त्याच्याबरोबर. पाइप किती उंचीवर अडकवायचा ते मशीनच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. आमच्या पुस्तिकेत किमान ६० सेंटिमीटर आहे.

दुसऱ्यांदा नीट केलं. २०० लिटरचा निळा पिंप बाथरूममध्ये आणला, कमरेएवढा उंच. पाइपाचा हुक त्याच्या काठाला अडकवला. पिंपात आधी मोजून एक वीस लिटरची बादली ओतली आणि आत पट्टी धरून पाहिलं : आठ सेंटिमीटर. म्हणजे एक सेंटिमीटरला अडीच लिटर. पिंप रिकामा करून कॉटनचं पूर्ण धुणं केलं. शेवटी पाणी २४ सेंटिमीटरवर थांबलं, म्हणजे ६० लिटर. पण थोडं पाणी कपड्यांतही राहतं. टांगत्या काट्यावर कपडे आधी पाच किलो भरले होते, पिळून निघाल्यावर साडेसात. ते अडीच लिटर धरून एका धुण्याला साडेबासष्ट लिटर. "एक्स्ट्रा रिन्स" लावलं की त्यात १७ लिटरची भर. आणि अर्धं मशीन म्हणजे अर्धं पाणी, असं मुळीच नाही. अडीच किलो कपड्यांना ४५ लिटर लागलं.

आम्ही वाघोलीत राहतो आणि आमच्या सोसायटीत वर्षातले बरेच महिने टँकर येतो. दहा हजार लिटरच्या टँकरचे आम्ही १२०० रुपये मोजतो. म्हणजे लिटरला १२ पैसे, आणि एका धुण्याचं पाणी साडेसात रुपयांचं. थंड धुण्यात विजेच्या जवळपास तिप्पट पैसे पाण्याला जातात! हे मोजेपर्यंत मला खरं वाटलं नसतं. ज्यांना पालिकेचं पाणी पुरतं त्यांच्या हिशेबात हा आकडा नगण्य होईल, पण टँकरवरच्या घरांनी पाण्याकडे आधी पाहावं आणि विजेकडे नंतर.

पूर्ण महिन्याचं गणित असं आहे. सुरुवातीच्या दिवसांत महिन्याला २६ धुणी, सगळी ४० अंशांवर, आणि लिक्विड झाकणभर, म्हणजे ७० मिलिलिटर. फेस इतका व्हायचा की एक्स्ट्रा रिन्स लावल्याशिवाय टॉवेल बुळबुळीत लागायचे. वीज १३ युनिटं, १७३ रुपये. पाणी दोन हजार लिटरच्या वर, साधारण २४८ रुपये. लिक्विड २०० रुपये लिटरनं ३६४ रुपये. एकूण पावणेआठशेच्या वर.

आता २२ धुणी होतात, कारण मशीन नीट भरल्याशिवाय लावत नाही. ड्रममध्ये कपड्यांवर उभा तळहात जाईल एवढी जागा ठेवते. त्यातली १७ थंड, ३ चाळीसवर, आणि चादरी-पायपुसण्यांची २ साठवर. वीज ६.७ युनिटं, ८९ रुपये. पाणी १३७५ लिटर, १६५ रुपये. लिक्विड ४० मिलिलिटर, तेवढ्यात कपडे तितकेच स्वच्छ निघतात आणि एक्स्ट्रा रिन्सची गरज उरली नाही. त्याचे १७६ रुपये. एकूण ४३० रुपये.

६० अंशांची दोन धुणी मी मुद्दाम ठेवली आहेत. थंड पाण्यातच सतत धुतलं की ड्रमच्या मागे साबणाचा चिकट थर बसतो आणि कपड्यांना कुबट वास येऊ लागतो. मार्चमध्ये आम्ही सगळंच थंड करून पाहिलं आणि तिसऱ्या आठवड्यात नॅपकिनांना तो वास आलाच. महिन्याचे चोवीस रुपये मला त्यासाठी जास्त वाटत नाहीत.

मोजायला आणलेला निळा पिंप आता बाथरूममध्येच राहिलाय. पहिलं साबणाचं पाणी मोरीत जाऊ देते. पंप थांबला की पाइपाचा हुक पिंपाच्या काठावर आणते आणि पुढचं खळबळलेलं पाणी त्यात धरते. पाइपाचं तोंड पाण्यात बुडू नये एवढं बघायचं. एका धुण्याला चाळीसेक लिटर मिळतं, ते संडासात ओतायला आणि गॅलरी धुवायला पुरतं. टँकरच्या भावानं हे पावणेपाच रुपये, म्हणजे त्या दिवशीच्या थंड धुण्याच्या विजेहून जास्त.