शाळेच्या संस्थेसाठी डोमेन आणि गूगल वर्कस्पेस: नऊ महिने वापरल्यावर

मी आमच्या गावच्या शाळेचा माजी विद्यार्थी. पुण्यात नोकरी करतो, आयटीत नाहीये पण कॉम्प्युटरची भीती नाही एवढंच. गेल्या वर्षी दिवाळीत गावी गेलो तेव्हा संस्थेच्या सचिव काकांनी सांगितलं की शाळेचे सगळे मेल एका निवृत्त सरांच्या खाजगी जीमेलवर येतात, पासवर्ड त्यांच्या मुलाकडे आहे, आणि कुणी मेल केला की काका सरांना फोन करून "आलाय का बघा" म्हणतात. शाळा पाचवी ते दहावी, 19 माणसांचा स्टाफ, संस्थेचे सात पदाधिकारी. मी म्हटलं मी करून देतो, दोन रविवार लागतील. प्रत्यक्षात चार महिने लागले, आणि त्यातला बराचसा वेळ मेलवर गेलाच नाही, डोमेन कुणाचं आहे हे शोधण्यात गेला.

वेबसाइट होती, डोमेनही होतं, शेवटी .org असलेलं. पण ते ज्याने वेबसाइट बनवली त्याने स्वतःच्या अकाउंटमधून, स्वतःच्या नावाने घेतलेलं. त्याचा काही वाईट हेतू नव्हता, आठ-नऊ वर्षांपूर्वी सगळे असंच करायचे. पण अर्थ असा की कायद्याने बघायला गेलं तर शाळेचं नाव दुसऱ्याच्या खिशात. रिन्यूची आठवण त्याच्या मेलवर जाणार, त्याने नंबर बदलला, धंदा बंद केला, तर आपल्याला कळणारही नाही. तो माणूस भला होता, फोनवर लगेच तयार झाला. त्याने डोमेनचं लॉक काढलं, ट्रान्सफरचा कोड दिला, आम्ही संस्थेच्या नावाने नवीन अकाउंट उघडून तो कोड टाकला, पाच-सहा दिवसांत डोमेन आमच्याकडे आलं. .org च्या ट्रान्सफरमध्ये एक वर्षाची फी भरावी लागते पण ते वर्ष मुदतीत वाढून मिळतं, त्यामुळे पैसे वाया जात नाहीत. क्रम मात्र सांभाळा: आधी ट्रान्सफर, मग मालकाचं नाव बदलायचं. उलट केलं, म्हणजे जुन्याच ठिकाणी आधी नाव बदललं, तर ट्रान्सफरवर 60 दिवसांचं लॉक लागू शकतं.

अजून एक गोष्ट मी पहिल्यांदा चुकीची केली. डोमेनच्या अकाउंटला संपर्काचा मेल म्हणून नवीन झोकात त्याच डोमेनवरचा पत्ता दिला. मग रात्री झोपताना लक्षात आलं की डोमेनची मुदत संपली तर त्या पत्त्यावरचे मेलही बंद पडणार, म्हणजे "मुदत संपली" हे सांगणारा मेल ज्या पत्त्यावर येणार तोच मेलेला असणार. सकाळी उठून बदललं. आता तिथे संस्थेसाठी वेगळा उघडलेला साधा जीमेल आहे आणि त्याचा फोन नंबर ऑफिसच्या मोबाइलचा.

ऑफिस सूट म्हणून आम्ही गूगल वर्कस्पेस घेतलं, कारण अर्ध्या स्टाफला जीमेल आधीच येत होतं. इथे माझा एक गैरसमज होता. संस्था रजिस्टर्ड आहे, धर्मादाय आयुक्तांकडे नोंद आहे, म्हणजे नॉन-प्रॉफिटचा फुकट प्लॅन मिळेल असं मी धरून चाललो होतो. पण तो कार्यक्रम शाळा-कॉलेजांसाठी नाहीये, शाळांसाठी वेगळा एज्युकेशनचा प्लॅन आहे, त्यातला फंडामेंटल्स फुकट. मग तिकडे अर्ज केला, शाळेच्या मान्यतेचं पत्र वगैरे दिलं, दोन आठवड्यांत मंजूर झालं. त्यामुळे सॉफ्टवेअरचा खर्च शून्य, वर्षाला फक्त डोमेन आणि वेबसाइटचं होस्टिंग.

आता मेलचा खरा भाग. डोमेनच्या सेटिंगमध्ये, म्हणजे डीएनएसमध्ये, आधी गूगलने दिलेली ओळख पटवायची टीएक्सटी ओळ टाकली, मग जुन्या एमएक्स ओळी, म्हणजे डोमेनचा मेल कुठल्या सर्व्हरकडे द्यायचा ते सांगणाऱ्या ओळी, काढून एकच नवीन टाकली. पूर्वी गूगलच्या पाच एमएक्स ओळी टाकाव्या लागायच्या, जुन्या व्हिडिओंत अजून तेच दाखवतात, आता एक पुरते: smtp.google.com, प्रायॉरिटी 1. अर्ध्या तासात बाहेरून टेस्ट मेल आला, काकांनी फोनवर "आला रे" म्हटलं, मला वाटलं झालं काम.

दोन आठवड्यांनी मुख्याध्यापिका मॅडमचा फोन आला की आपण पाठवलेले मेल पालकांना स्पॅममध्ये सापडतायत, सगळ्यांना नाही, काहींना. मी माझ्याच खाजगी जीमेलवर मॅडमकडून एक मेल मागवला आणि तीन टिंबांच्या मेनूमधून Show original उघडलं. तिथे हेडरमध्ये spf=permerror. याचा अर्थ असा होता की एसपीएफची ओळ वाचताच आली नाही. एसपीएफ म्हणजे डोमेनने जाहीर केलेली यादी, की आमच्या नावाने मेल पाठवायची परवानगी कुणाकुणाला. घरी बसून हे चालवून बघितलं (आमच्या डोमेनऐवजी इथे example.org लिहितोय, आयपी पण बदललाय):

```
nslookup -type=txt example.org

"v=spf1 +a +mx +ip4:192.0.2.10 ~all"
"v=spf1 include:_spf.google.com ~all"
```

दोन ओळी! पहिली होस्टिंगच्या पॅनेलने कधीतरी आपोआप टाकलेली, दुसरी मी टाकलेली. नियम असा आहे की एका नावावर v=spf1 ने सुरू होणारी एकच ओळ पाहिजे, दोन असल्या की समोरचा सर्व्हर दोन्ही जोडून वाचत नाही, सरळ एरर मानतो. म्हणजे मी ओळ टाकून चांगलं करायला गेलो आणि होती ती पण बाद झाली. दोन्ही काढून एक केली:

```
v=spf1 ip4:192.0.2.10 include:_spf.google.com ~all
```

आयपी ठेवला कारण वेबसाइटवरचा प्रवेशाचा फॉर्म त्या सर्व्हरवरून मेल पाठवतो. जुन्या ओळीतलं a आणि mx काढलं, वेबसाइट त्याच आयपीवर आहे आणि एमएक्स आता गूगलचंच, त्यामुळे त्यांची गरज उरली नाही.

डीकिममध्येही असाच एक चकवा आहे. डीकिम म्हणजे प्रत्येक मेलवर डोमेनची सही. मी Show original मध्ये डीकिमसमोर PASS बघून पुढे गेलो होतो. नीट वाचल्यावर दिसलं की PASS च्या पुढे जे डोमेन लिहिलंय ते आमचं नाहीच, शेवटी gappssmtp.com असलेलं काहीतरी आहे. आपण सेटिंग पूर्ण करेपर्यंत गूगल स्वतःच्या नावाने सही करतं. अ‍ॅडमिन कन्सोलमध्ये की तयार करून ती google._domainkey या नावाने डीएनएसमध्ये टाकायची, आणि परत येऊन Start authentication दाबायचं. मी की टाकली होती, ते शेवटचं बटण राहिलं होतं. दाबल्यावर PASS च्या पुढे आमचं नाव आलं. त्यानंतर स्पॅमची तक्रार मॅडमकडून आली नाही.

पण फॉर्मची भानगड वेगळीच निघाली आणि ती मार्चमध्ये कळली, प्रवेशाच्या ऐन दिवसांत. एक पालक शाळेत येऊन म्हणाले की मी वेबसाइटवर फॉर्म भरला, कुणी फोनच केला नाही. भाऊसाहेबांनी (आमचे क्लार्क) इनबॉक्स दाखवला, तिथे नव्हता, स्पॅममध्येही नव्हता. मी स्वतः फॉर्म भरून बघितला, "धन्यवाद" असं आलं, मेल नाही. बाहेरून साधा मेल केला तर तो लगेच येत होता. हे लक्षण लक्षात ठेवा: बाहेरचे मेल येतात आणि स्वतःच्या वेबसाइटचे येत नाहीत, म्हणजे दोष बहुधा होस्टिंगच्या पॅनेलमध्ये आहे. आमच्याकडे सीपॅनेल आहे, त्यात Email Routing नावाचं पान असतं. तिथे Local Mail Exchanger निवडलेलं होतं, म्हणजे वेबसाइटच्या सर्व्हरला वाटत होतं की या डोमेनचा मेल माझ्याकडेच ठेवायचा असतो, तो बाहेर गूगलला विचारायलाच जात नव्हता. Remote Mail Exchanger केलं, फॉर्म परत भरला, मिनिटाभरात मेल आला. वेबसाइटच्या सर्व्हरवरची जुनी मेलची पेटी उघडून बघितली तर तिथे 23 फॉर्म पडलेले. भाऊसाहेब आणि मॅडमनी दोन दिवस बसून 23 घरी फोन केले. हे मी एमएक्स बदलला त्याच दिवशी फॉर्म भरून बघितला असता तर झालं नसतं, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

पत्ते कसे ठेवले ते सांगतो. office@ हे अकाउंट नाही, ग्रुप आहे. भाऊसाहेब, मॅडम आणि सचिव काका तिघे त्याचे सदस्य, प्रत्येकाचं स्वतःचं लॉगिन. आधी मी एकच अकाउंट आणि तिघांत एक पासवर्ड असं केलं होतं, पण नवीन मोबाइलवरून उघडलं की कोड काकांच्या फोनवर जायचा आणि काका शेतात. ग्रुपमध्ये ती अडचणच नाही. फक्त ग्रुप बनवल्यावर बाहेरच्या माणसाला त्यात मेल टाकायची परवानगी द्यावी लागते, नाहीतर पालकाला इंग्रजीत उत्तर जातं की हा ग्रुप अस्तित्वात नसेल किंवा तुम्हाला परवानगी नसेल, आणि पालक समजतो पत्ता चुकला. उत्तर office@ च्या नावाने जावं म्हणून प्रत्येकाच्या जीमेलमध्ये तो पत्ता Send mail as मध्ये जोडला, त्याचा कोड ग्रुपवरच येतो, म्हणून बाहेरच्यांची परवानगी आधी, हे नंतर.

शिक्षकांकडून आलेली एकच तक्रार, की स्नेहसंमेलनाचा व्हिडिओ यूट्यूबवर चढत नाही. शाळेच्या प्लॅनमध्ये सगळी अकाउंट आपोआप 18 वर्षांखालची धरली जातात. स्टाफचा वेगळा विभाग करून त्याला 18 वरचं ठरवलं, दुसऱ्या दिवशी व्हिडिओ चढला. मुलांना अकाउंट दिलेली नाहीत, संस्थेच्या बैठकीत तसं ठरलं आणि मला ते पटतं.

मुख्य अ‍ॅडमिनची अकाउंट दोन आहेत, रोजच्या वापरातली नाहीत, त्यांचे बॅकअप कोड कागदावर छापून संस्थेच्या प्रोसिडिंग बुकबरोबर कपाटात ठेवलेत. जूनमध्ये माझा फोन बिघडला तेव्हा भाऊसाहेबांनी फोनवर कोड वाचून दाखवला आणि मी पुण्यातून आत गेलो. पुढच्या वर्षी पदाधिकाऱ्यांची निवड आहे, त्याआधी दुसरा अ‍ॅडमिन गावातल्याच कुणालातरी करायचाय, गणिताच्या मॅडम तयार आहेत, गणपतीत गेलो की त्यांच्याकडूनच एक अकाउंट बनवून घेणार आहे.