भाऊ पुण्यात, विकणारी न्यू जर्सीत: कुलमुखत्यारपत्र कोणते द्यावे आणि पत्रात काय लिहावे

समजा, कोथरूडमधला दोन बेडरूमचा फ्लॅट 90 लाखांना विकायचा आहे. फ्लॅट एकट्या बहिणीच्या नावावर आहे, 2012 मध्ये 45 लाखांना घेतलेला, आणि ती न्यू जर्सीत राहते. पुण्यात तिचा सख्खा मोठा भाऊ आहे. एक मावसभाऊही आहे, वयाने लहान, कचेऱ्यांच्या खेपा घालायला कधीही तयार. खरेदीसाठी तिने स्वतः यायचे नाही, एवढेच ठरले आहे. मग कुलमुखत्यारपत्र कोणाला द्यायचे आणि कसले?

बहुतेक जण वकिलाला "जनरल करून टाका" असे सांगून मोकळे होतात. एका फ्लॅटच्या विक्रीसाठी सर्वसाधारण मुखत्यारपत्र मी सुचवणार नाही. बँक, कोर्ट, इतर मिळकती असे सगळेच अधिकार त्यात जातात, आणि तेवढ्यांची इथे गरज नसते. खरी निवड तीन प्रकारांत आहे.

पहिला प्रकार म्हणजे त्या एका फ्लॅटपुरते, पण गिऱ्हाईक आणि किंमत मोकळी ठेवलेले विक्रीचे मुखत्यारपत्र. भाऊ गिऱ्हाईक शोधतो, भाव ठरवतो, करारनामा आणि खरेदीखतावर बहिणीच्या वतीने सही करतो. दुसऱ्यात हेच अधिकार असतात, पण खरेदीदाराचे नाव आणि ठरलेली रक्कम मुखत्यारपत्रातच लिहिलेली असते. तिसऱ्यात भाऊ बहिणीच्या वतीने विक्रीची सही करतच नाही. दस्तावर बहीण तिकडेच सही करते, आणि भावाला फक्त तो दस्त दुय्यम निबंधकापुढे सादर करून तिच्या सहीची कबुली देण्याचा अधिकार असतो.

कागदावर तिसरा प्रकार सर्वांत सुरक्षित दिसतो. किंमत, अटी, तारखा यांतले काहीच भावाच्या हातात राहत नाही. पण खरेदीदार गृहकर्ज घेणार असेल तर याचा फार त्रास होतो. आपल्याकडे पुनर्विक्रीत सहसा आधी करारनाम्याची नोंदणी होते, मग बँक कर्जाची रक्कम देते, आणि अनेकदा शेवटी वेगळे खरेदीखत होते. म्हणजे दोन दस्त, दोन वेळा कुरिअर, दोन वेळा परदेशातल्या नोटरीची वेळ. मधेच बँकेच्या वकिलाने एखादे कलम बदलायला सांगितले की ते पान पुन्हा अटलांटिक ओलांडणार. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला सादर व्हावा लागतो. त्यापुढे आणखी चार महिने मिळतात, पण नोंदणी शुल्काच्या दहापटीपर्यंत दंड होऊ शकतो. खरेदीदार रोखीने, म्हणजे स्वतःच्या पैशांनी घेणारा असेल आणि एकाच दस्तात व्यवहार संपणार असेल, तर मात्र हा प्रकार उत्तम.

आणखी एका परिस्थितीत तो उत्तम ठरतो. महाराष्ट्रात स्थावर मिळकत विकण्याचा अधिकार देणाऱ्या मुखत्यारपत्रावर, ते मोबदल्याशिवाय आणि आई, वडील, भाऊ, बहीण, पती, पत्नी, मुलगी, नातवंडे किंवा तशाच जवळच्या नातलगाला दिलेले असेल, तर 500 रुपये मुद्रांक शुल्क लागते. इतर कोणालाही दिले तर मिळकतीच्या बाजारमूल्यावर खरेदीखताएवढे शुल्क. 90 लाखांच्या फ्लॅटवर नुसता 5 टक्के मूळ दर धरला तरी साडेचार लाख होतात, आणि ते खरेदीदार भरणार असलेल्या शुल्काच्या वर. भाऊ यादीत नाव घेऊन आहे. मावसभाऊ 'तशाच जवळच्या नातलगां'त बसतो की नाही, हे मुद्रांक जिल्हाधिकारी ठरवणार. मित्र किंवा शेजारी तर बसतच नाही. केवळ नोंदणी आणि कबुलीपुरत्या मुखत्यारपत्राला मात्र हा नात्याचा प्रश्न लागू होत नाही, तिथे ठरावीक किरकोळ शुल्क असते. म्हणून मावसभावालाच पाठवायचे असेल तर त्याला कबुलीचेच द्या. विक्रीचे द्यायचे असेल तर ते भावाच्या नावाने करा आणि खेपा मावसभावाला घालू द्या. कागद पोचवायला आणि रांगेत उभे राहायला मुखत्यारपत्र लागत नाही.

या कुटुंबाच्या बाबतीत माझे मत दुसऱ्या प्रकाराकडे झुकते, फक्त घाई करू नये. गिऱ्हाईक पक्के होऊन त्याच्या कर्जाला तत्त्वतः मंजुरी मिळेपर्यंत मुखत्यारपत्र करूच नये. विसाराची बोलणी फोनवर होतात. नाव आणि रक्कम घातलेले मुखत्यारपत्र खरेदीदाराने माघार घेतली की वाया जाते, हा त्याचा तोटा. पण 500 रुपयांचा कागद वाया जाणे आणि मोकळ्या अधिकाराचा कागद वर्षभर कपाटात पडून राहणे, यात मला पहिले परवडते. बाजार मंद असेल, गिऱ्हाईक कधी येईल याचा भरवसा नसेल, तर पहिला प्रकार घ्यावा लागतो. तेव्हा त्यावर मुदत घालावी.

कागद तयार होण्याची वाट तिन्हींना जवळपास सारखीच आहे. मसुदा पुण्याच्या वकिलाने करायचा, सही न्यू जर्सीत नोटरीसमोर करायची आणि त्यावर राज्य सरकारचे अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरायला लागणारे प्रमाणपत्र, घ्यायचे, किंवा भारतीय वाणिज्य दूतावासाकडून साक्षांकन करून घ्यायचे. दुबईत असाल तर दूतावासाचाच रस्ता, कारण संयुक्त अरब अमिरातीत अपॉस्टिल चालत नाही. मूळ प्रत महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत तिच्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्यावे लागते. कुरिअरचे पाकीट, तारखेच्या शिक्क्यासह, फेकू नका. कागद राज्यात कधी आला याचा तोच पुरावा असतो.

आता सूचनांकडे येऊ. चांगल्या नात्यांतसुद्धा गोंधळ होतो तो इथेच. मुखत्यारपत्र खरेदीदार वाचतो, त्याची बँक वाचते, निबंधक वाचतो. भावाला लिहिलेले सूचनापत्र फक्त भाऊ वाचतो. त्यामुळे खरेदीदाराला बांधायचे आहे ते मुखत्यारपत्रातच हवे. पत्रातली खासगी मर्यादा भावाने ओलांडली, आणि खरेदीदाराला ती माहीत नसली, तर व्यवहार सहसा बहिणीच्याच गळ्यात पडतो. याउलट, "85 लाखांच्या खाली जाऊ नकोस" हे पहिल्या प्रकारच्या मुखत्यारपत्रात लिहिले तर समोरचा 85 पासूनच बोलायला सुरुवात करील. ते पत्रातच शोभते. त्यासाठी मुखत्यार सख्खा आणि सरळ हवा, याला पर्याय नाही.

म्हणून मुखत्यारपत्रात जावे: पूर्ण मोबदला केवळ बहिणीच्या एनआरओ खात्यात, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या इथल्या रुपया खात्यात, जमा होईल, खाते क्रमांकासह, मुखत्याराला रक्कम स्वीकारण्याचा, मुखत्यारपत्र पुढे दुसऱ्याला देण्याचा किंवा फ्लॅट गहाण टाकण्याचा अधिकार नाही, पूर्ण रक्कम जमा झाल्याशिवाय ताबा द्यायचा नाही. आणि जे अधिकार हवेतच, तेही स्पष्ट लिहावेत: दस्तांवर सही, सादरीकरण, कबुली, सोसायटीच्या हस्तांतरण अर्जांवर सही, ताबा, आणि चूक दुरुस्तीचा दस्त. शेवटचा हमखास विसरतो. नोंदणी झाल्यावर मिळणाऱ्या सूची दोनच्या उताऱ्यात आडनावाचे एक अक्षर चुकले की त्याच्याशिवाय सगळी वाट पुन्हा पहिल्यापासून चालावी लागते.

पत्र साधे असावे, ईमेलने पाठवावे आणि भावाकडून "वाचले, मान्य" असे उत्तर घ्यावे. अशा पत्राचा मधला भाग असा असू शकतो:

"दादा, करारनाम्याचा शेवटचा मसुदा मला पीडीएफ पाठव आणि मी लेखी हो म्हटल्याशिवाय सही करू नकोस. विसार, बँकेची रक्कम, काहीही तुझ्या खात्यात घेऊ नकोस, त्यांनी कितीही आग्रह केला तरी. काही भाग रोख देतो म्हणाले तर तिथेच नाही म्हण. कार्यालयात जायच्या दिवशी सकाळी मला व्हिडिओ कॉल कर, कारण मी हयात आहे आणि मुखत्यारपत्र रद्द केलेले नाही असे घोषणापत्र तुला द्यावे लागेल. मूळ कागद आणि सोसायटीचे भागप्रमाणपत्र तुझ्याकडेच ठेव. माझ्या खात्यात शेवटची रक्कम दिसली की मी मेसेज करीन, त्यानंतरच कागद आणि किल्ल्या दे. सोसायटीने हस्तांतरण फी म्हणून 25 हजारांपेक्षा जास्त मागितले तर पावतीशिवाय काही देऊ नकोस आणि मला फोन लाव."

घोषणापत्राचा मुद्दा गंभीर आहे. देणारी व्यक्ती गेली की मुखत्यारपत्राचा अधिकार तिथेच संपतो, आणि खोट्या घोषणेची जबाबदारी मुखत्यारावर येते. देणारी वयस्कर आई असेल आणि विकायला मुलगा जाणार असेल, तर तो कॉल औपचारिकता समजू नये.

एक काम तिन्ही प्रकारांत भावाकडून होत नाही, ते कराचे. विकणारी अनिवासी असल्यामुळे खरेदीदाराला निवासी विक्रेत्यासारखा एक टक्का टीडीएस कापून चालत नाही. एजंट "एक टक्का कापला की झालं" म्हणाला, तर त्याने असा व्यवहार आधी केलेला नाही असे खुशाल समजा. आयकर खात्याकडून मिळणारे कमी कपातीचे प्रमाणपत्र नसेल तर खरेदीदार सहसा संपूर्ण किमतीवर कर कापतो: 90 लाखांचे साडेबारा टक्के, त्यावर 10 टक्के अधिभार आणि 4 टक्के उपकर, मिळून सुमारे 12 लाख 87 हजार. प्रत्यक्षात नफा 45 लाखांचा, आणि इतर उत्पन्न नसेल तर त्यावरचा कर सुमारे 5 लाख 85 हजार. मधले सात लाख विवरणपत्र भरून परतावा येईपर्यंत अडकतात. प्रमाणपत्रासाठी बहिणीने स्वतःच्या पॅनवर, स्वतःच्या लॉगिनमधून, सीएमार्फत अर्ज करायचा. ते यायला आठवडे लागतात, त्यामुळे बोलणी पक्की होताच अर्ज करावा. मुखत्यारपत्र कुरिअरमध्ये असते त्याच काळात हे काम उरकते. भावाला सूचना एवढीच: प्रमाणपत्रावर खरेदीदाराचे नाव आणि रक्कम करारनाम्याशी जुळते का ते पाहा, आणि ते हातात येण्याआधी मोठा हप्ता घ्यायची घाई करू नकोस. पैसे पुढे अमेरिकेत न्यायचे असतील तर एनआरओ खात्यातून एका आर्थिक वर्षात 10 लाख डॉलरपर्यंत नेता येतात. ते बँक आणि सीए यांचे काम, त्यात मुखत्याराला ओढू नये.

मुदतीबद्दल एवढेच. दुसऱ्या प्रकारात सहा महिने पुरावेत, कर्जाच्या व्यवहारात आठ. "खरेदीखत नोंदवल्यावर मुखत्यारपत्र संपुष्टात येईल" असे वाक्य वकील सवयीने घालतात. ते राहू द्या, पण त्यापुढे "चूक दुरुस्ती दस्त व सोसायटीतील हस्तांतरण वगळून" हे शब्द जोडून घ्या.