हाताला कळेना, कानाला खरखर: डाळ मिलमध्ये वापरलेल्या स्मार्टवॉचचा अनुभव

लातूरच्या एमआयडीसीत तुरीच्या डाळ मिलवर मी सुपरवायझर आहे. चाळण्या, एलेव्हेटर आणि रोलर एकदम चालू असले की खिशातल्या फोनची रिंग ऐकूच येत नाही, म्हणून घड्याळ घेतलं. दोन हजारांच्या आतलं, ब्लूटूथ कॉलिंगवालं. पावलं, झोप, नाडी यांच्याशी मला घेणंदेणं नव्हतं. ट्रकवाल्याचा किंवा आडतीवरून फोन आला की हाताला कळावं, एवढीच अपेक्षा. म्हणून हे सगळं लिहिणं व्हायब्रेशनबद्दलच आहे. स्क्रीन आणि बॅटरी बरी आहे, तो विषय इथंच संपला.

पावसाळ्यात घेतलं तेव्हा काम चोख होतं. संक्रांतीनंतर नवी तूर जोरात यायला लागली आणि कॉल हुकायला लागले. गेटवर ट्रक उभा, ड्रायव्हर वैतागलेला, आणि माझ्या हाताला पत्ताच नाही. अशा वेळी आधी एकच गोष्ट शोधायची: निरोप घड्याळापर्यंत पोचतच नाही, की पोचूनही घड्याळ थरथरत नाही? त्याची परीक्षा फोनशिवाय होते. घड्याळातच एक मिनिटाचा टायमर लावायचा. टायमरला फोन, ब्लूटूथ, अ‍ॅप यातलं काहीच लागत नाही. टायमर जोरात थरथरला आणि कॉलला मात्र शांतता असेल, तर आतली थरथर देणारी मोटार ठणठणीत आहे, घोळ बाहेर आहे.

माझ्याकडे सुरुवातीला हेच निघालं. फोन ऑफिसात चार्जिंगला आणि मी मिलच्या त्या टोकाला. मधे भिंती, लोखंडी टाक्या. ब्लूटूथ दहा मीटरच्या आसपास तसंही दम तोडतं, इथं त्याच्याही आधी. त्यात फोन बॅटरी वाचवायला घड्याळाचं अ‍ॅप मागच्या मागे बंद करत होता. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये अ‍ॅप्सच्या यादीतून घड्याळाचं अ‍ॅप उघडून त्याची बॅटरी ‘अनरिस्ट्रिक्टेड’ केली, फोन खिशात ठेवायला लागलो, आणि निम्मी तक्रार मिटली. घड्याळातही दोन जागा बघून घ्या. डू नॉट डिस्टर्ब रात्रीच्या वेळापत्रकाने लागून सकाळी उशिरापर्यंत तसंच राहिलेलं असू शकतं. आणि पॉवर सेव्हिंग चालू झालं की काही घड्याळं थरथर कमी करतात किंवा बंदच करतात, स्क्रीनवर मात्र सगळं नेहमीसारखं दिसतं.

उरलेल्या निम्म्या तक्रारीत धुळीवर संशय येणं साहजिक होतं. मिलमध्ये चुनी आणि भुशाची धूळ कुठं शिरत नाही? पण घड्याळावर आयपी 68 लिहिलेलं असेल तर त्यातला 6 हा आकडा धुळीसाठीच असतो, आणि त्याचा अर्थ धूळ आत जात नाही असा. सील शाबूत असेपर्यंत मोटारीला धूळ लागत नाही. ती नडते बाहेरून. स्पीकरच्या जाळीत बसली की रिंग बसकी येते, आणि घाम-धुळीचा थर मागच्या बाजूला आणि पट्ट्याच्या खिळीपाशी साचला की अंग खाजतं, मग माणूस पट्टा सैल करतो. सैल पट्टा म्हणजे कातडी आणि घड्याळ यांच्यात फट. थरथर हवेत जाते. ओल्या मऊ कापडाने पुसून, पट्टा एक भोक आवळून आणि घड्याळ मनगटाच्या हाडाच्या जरा वर सरकवून मला चांगलाच फरक पडला. टाचणीने भोकं कोरत बसू नका. त्यातलं एखादं माइकचं असतं, आतला पडदा फाटला की सीलही गेलं.

एक मर्यादा मात्र घड्याळाची नाही, आपल्या शरीराची आहे. एलेव्हेटरच्या प्लॅटफॉर्मवर उभं असताना किंवा ट्रॅक्टरचं स्टिअरिंग धरलेलं असताना हात आधीच हादरत असतो. त्यात ही बारीक थरथर बुडून जाते. अशा जागी नवीन घड्याळसुद्धा हुकतं, त्यामुळे मोटारीची परीक्षा मशीनजवळ करूच नये.

उन्हाळ्याच्या तोंडावर खरा बिघाड आला. आता टायमरही हाताला नीट लागेना, इंटेन्सिटी ‘स्ट्राँग’वर असूनही. गंमत अशी की थरथर कमी झाली आणि आवाज वाढला. आधी दबका ‘घुर्र’ यायचा, आता पातळ ‘खरखर’. घरी शांततेत, पूर्ण चार्ज करून, घड्याळ स्टीलच्या ताटलीत ठेवून टायमर लावला. आधी ते ताटलीत सरकायचं, आता जागचं हललं नाही, नुसतं खरखरलं.

यामागचं कारण कळलं की लक्षण वाचता येतं. स्वस्त घड्याळात बहुधा बटणाएवढी, 8 ते 10 मिलिमीटरची चपटी मोटार असते. तिच्या आत एका बाजूला जड वजन फिरतं, मिनिटाला दहा-बारा हजार फेऱ्या. एकीकडे भार असलेला पंखा गचके देतो, तसे तिचे गचके घड्याळाच्या कवचाला, म्हणजे केसला, बसतात. पण ही मोटार केसला दुहेरी टेपने नुसती चिकटवलेली असते. घड्याळ आपटलं, किंवा आपल्याकडच्या उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर तापलं, की टेप सुटू शकते. मग मोटार फिरते पूर्ण जोरात, पण स्वतःच आत नाचते. केसपर्यंत जोर पोचतच नाही, नुसता आवाज येतो.

दुसऱ्या बिघाडांची लक्षणं वेगळी. मोटार कधी चालते, कधी नाही, टिचकी मारली की सुरू होते, तर आतले ब्रश झिजलेत किंवा घामाच्या ओलीने गंजलेत. अशी मोटार बॅटरी उतरल्यावर जास्त रुसते, कारण फिरत राहण्यापेक्षा सुरू व्हायला जास्त व्होल्टेज लागतं. स्क्रीन उजळते, टायमर संपल्याचं दिसतं आणि ताटलीत काहीच आवाज नाही, तर वायर तुटली किंवा मोटार मेली. महाग घड्याळांत बहुधा फिरणारं वजन नसतं, स्प्रिंगवर पुढेमागे हलणारं असतं. त्याची ठेच नेमकी लागते, पण या लक्षणांवरून त्याचा निवाडा करू नका.

कंपनीच्या सर्व्हिसवाल्यांनी रीसेट करा, अपडेट करा, एवढंच फोनवर सांगितलं. दोन्ही केलं, खरखर तशीच. त्यांच्याकडे घड्याळ पाठवायचं तर सीझनमध्ये किती दिवस घड्याळाविना राहणार? गंजगोलाईजवळच्या एका दुरुस्तीवाल्या पोराने ताटलीतला आवाज ऐकला आणि म्हणाला, ‘‘मामा, मोटार चांगलीय, सुटलीय फक्त. पण उघडलं की वॉरंटी गेली, आणि पाण्याची ग्यारंटी मी देत नाही.’’ एवढं स्वच्छ बोलणारा माणूस मला आवडला. त्याने मागची बाजू गरम करून उघडली. मोटार दोन वायरींवर लोंबकळत होती. जुनी टेप खरवडून नवी लावली, केसचं सीलही नव्या गोंदाने बसवलं. साडेतीनशे रुपये.

ताटलीत घड्याळ पुन्हा सरकायला लागलं. वॉरंटी बाकी असेल आणि घाई नसेल तर मात्र आधी कंपनीकडेच द्या, आणि ताटलीतला व्हिडिओ काढून सोबत पाठवा, म्हणजे रीसेटच्या फेऱ्यात अडकणार नाही. उघडलेल्या घड्याळावर आयपी 68 फक्त छापलेलं उरतं, म्हणून हात धुताना मी ते काढून ठेवतो. नवीन घेणाऱ्यांनी दुकानातच पट्टा बांधून टायमर लावून बघा, आणि तोही ‘मीडियम’वर. नवीन असताना ‘स्ट्राँग’वरच जेमतेम कळत असेल, तर मिल, जिनिंग किंवा ट्रॅक्टरवर काम करणाऱ्याने ते घेऊ नये.