'Refunds (2)' : दोन परताव्यांत माझे 29,000 गेले

लालबागच्या घरातून मी साड्या आणि ओढण्या विकते. वेबसाइट ज्याने बनवून दिली, त्याच्याच फर्मच्या नावावर पेमेंट गेटवेचं खातं होतं. "ताई, तुमचं केवायसी होईपर्यंत माझं वापरू," म्हणाला. केवायसी कधी झालंच नाही. पैसे आधी त्याच्याकडे जायचे, मग महिन्याअखेर सेटलमेंट रिपोर्टचा फोटो व्हॉट्सॲपवर यायचा आणि तेवढीच रक्कम तो माझ्या बँकेत टाकायचा.

मी डोळे मिटून विश्वास ठेवला असं कुणी म्हणू नये. दर महिन्याला मी कॅल्क्युलेटर घेऊन बसत होते. ऑक्टोबरचा फोटो आजही माझ्याकडे आहे: एकूण विक्री 1,84,600. फी 2 टक्के, म्हणजे 3,692. फीवर 18 टक्के जीएसटी, 664.56. रिफंड 31,450. निव्वळ जमा 1,48,793.44. पासबुकातही पैशापर्यंत तोच आकडा. सगळं जुळलं म्हणून मी निश्चिंत झाले.

आता कळतंय, सगळं का जुळत होतं. विक्रीला त्याने हात लावला नाही, कारण ऑर्डरची वही माझ्याकडे आहे. फीला लावला नाही, कारण टक्केवारी कुणीही काढेल. बदलली ती फक्त रिफंडची ओळ, आणि त्या हिशेबाने खालचा निव्वळ आकडा. ती ओळ मी कशाशीच पडताळत नव्हते.

आणि जे दिसायला हवं होतं ते समोरच होतं. त्याच फोटोत, रिफंडच्या ओळीत, `Refunds (2)` असं छापलेलं आहे. दोन! रक्कम बदलताना संख्या बदलायचं तो विसरला. माझी सर्वांत महागडी साडी 6,800 ची. दोन परत आल्या तरी 13,600 च्या वर जाणार नाही. मग 31,450 कुठून आले? दादरहून गाडीत उभी असताना मी तो फोटो मोठा करून पाहिला होता. कंसातला 2 वाचलाही होता. दिवाळीची पार्सलं डोक्यात होती, मी पुढे सरकले. त्याची चीड मला त्या मुलापेक्षा स्वतःचीच जास्त येते.

सीएने क्रेडिट नोटा मागितल्या तेव्हा उघडकीला आलं. रिफंड दिला की क्रेडिट नोट निघते, माझ्याकडे दोनच होत्या: 1,650 ची साडी आणि 800 ची ओढणी. एकूण 2,450. कपाटात परत आलेला माल तेवढाच. म्हणजे एका ऑक्टोबरात 29,000 गेले. मग मागचे फोटो काढले: मे 9,500, जून 12,000, जुलै 14,500, ऑगस्ट 21,000, सप्टेंबर 26,500. ऑक्टोबर धरून एकूण 1,12,500. आधी थोडे, मी गप्प आहे हे पाहून जास्त.

प्रत्येक फोटो खालून कापलेला होता. यूटीआर नंबर, म्हणजे बँकेतल्या त्या व्यवहाराचा क्रमांक, तिथेच असतो. "मोबाइलमध्ये मावत नाही," हे त्याचं उत्तर मी मानलं. ते मानू नका. गेटवेने बँकेत टाकलेल्या प्रत्येक रकमेला यूटीआर असतो आणि तोच तुमच्या बँकेच्या नोंदीत दिसला पाहिजे. माझ्या पासबुकात गेटवेचं नावच नव्हतं, त्याच्या फर्मचं होतं. फोटो नको, डॅशबोर्डवरून उतरवलेली फाइल मागा. त्यात प्रत्येक रिफंडचा आयडी आणि मूळ ऑर्डर असते.

आता मदतीचं ऐका. गेटवेवाले म्हणाले, खातं तुमच्या नावावर नाही, आम्ही काही सांगू शकत नाही. बँक म्हणाली, पैसे जमाच झालेत, गेले कुठे? 1930 वर फोन केला, तर पोलीस ठाण्यात जा. ठाण्यात गेले, तर सायबरकडे जा. सायबरवाल्यांनी परत ठाण्यात पाठवलं. तीन दिवस दुकान बंद ठेवून हेलपाटे घातले. शेवटी एक साहेब म्हणाले, "बाई, तुम्हीच त्याला पैसे घ्यायला सांगितलं होतंत. हे दिवाणी प्रकरण आहे." फोटोतला आकडा बदलून पैसे ठेवून घेणं दिवाणी कसं? सहा फोटो, वही, क्रेडिट नोटा समोर ठेवल्या, त्यांनी फाइल उघडूनही पाहिली नाही. भारतीय न्याय संहितेत कलम 316 विश्वासघाताचं आणि 318 फसवणुकीचं आहे, हे मला, एका साडीवालीला, त्यांना सांगावं लागलं!

ठाण्याने तक्रार नोंदवली नाही तर तिथे वाद घालत बसू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 173(4) खाली वरिष्ठांना लेखी कळवता येतं. मी उपायुक्तांना रजिस्टर पोस्टाने पाठवलंय, पोचपावती आली आहे. व्हॉट्सॲपवरचे मूळ फोटो पुसू नका, चॅट एक्सपोर्ट करून ठेवा.

गेटवेचं खातं आता माझ्या नावावर, माझ्या पॅनवर आहे. केवायसीला चार दिवस लागले. त्याला फोन केला तर म्हणतो, "ताई, रिफंड लोकांनीच मागितले असतील." ज्यांनी माल परत केलाच नाही, त्यांच्या घरी आता मी एकेक फोन करतेय.